एक्सिटॉनची बंधन ऊर्जा काढताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या सेटच्या बॅचला मी एकच गणित दिलं होतं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान ०.०६७, जड होलचं ०.५ (दोन्ही मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या पटीत), डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ε १२.९, एक्सिटॉनची बंधन ऊर्जा काढा. वह्या जमा झाल्या तेव्हा उत्तरं होती ८२, ६२, ४६, ५.५ आणि ४.८ मिलीईव्ही. बरोबर उत्तर शेवटचं. पण मजा अशी की चुकलेलं प्रत्येक उत्तर आपली चूक स्वतःच सांगतं.

एक्सिटॉन म्हणजे एकमेकांना बांधलेली इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी, म्हणून सूत्र हायड्रोजनचंच आहे. प्रोटॉनच्या जागी होल आलं, आणि दोघांमधलं आकर्षण स्फटिकाने सौम्य केलं.

```
1/μ = 1/me + 1/mh
E_b = 13.6 eV × (μ/m0) / ε²
a   = 0.0529 nm × ε / (μ/m0)
```

इथे रिड्यूस्ड मास μ येतो ०.०५९, ऊर्जा ४.८ मिलीईव्ही आणि त्रिज्या ११.५ नॅनोमीटर.

आता ६२. यात ε चा वर्ग राहिलाय. वर्ग का, हे एकदा समजलं की तो विसरत नाही: बलाच्या सूत्रात ε एकदाच येतो, पण बल कमी झालं म्हणून कक्षाही ε पट पसरते, आणि लांब गेलेल्या जोडीचं आकर्षण आणखी एकदा ε ने भागलं जातं. यावर एक झटपट पडताळा आहे. ऊर्जा ही ०.७२ भागिले ε गुणिले त्रिज्या इतकी यायला हवी (त्रिज्या नॅनोमीटरमध्ये, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये). ०.७२ ला १२.९ आणि ११.५ ने भागा, ०.००४८५ मिळतं. ६२ वाला इथेच सापडतो.

८२ म्हणजे वस्तुमान घातलंच नाही, मोकळा इलेक्ट्रॉन धरला. ४६ म्हणजे दोन वस्तुमानांची बेरीज केली. बेरीज लागते ती अख्खा एक्सिटॉन स्फटिकातून पुढे सरकतो तेव्हा. एकमेकांभोवती फिरण्यासाठी रिड्यूस्ड मासच. तो दोघांपैकी हलक्यापेक्षाही कमी यायला हवा. एवढं बघितलं तरी ही चूक वहीतच थांबते.

मला खरी काळजी वाटली ती ५.५ ची. या मुलाने फक्त इलेक्ट्रॉनचं वस्तुमान घातलं होतं, आणि उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ आलं की त्याला शंकाच आली नाही. तो म्हणाला, “सर, तेरा-चौदा टक्क्यांचा तर फरक आहे.” फरक कमी आहे कारण होल इलेक्ट्रॉनच्या सातपटीहून जड आहे, म्हणजे ते जवळजवळ प्रोटॉनसारखं जागेवर बसलंय. हलकं होल घेतलं, वस्तुमान ०.०८, तर μ ०.०३६ च्या आसपास उतरतो आणि हीच चूक उत्तर १.८ पटीने फुगवते. सौर घटांत वापरल्या जाणाऱ्या लेड हॅलाइड पेरोव्हस्काइटांत दोन्ही वस्तुमानं साधारण सारखी असतात. तिथे उत्तर थेट दुप्पट होईल. वरचा ०.७२ चा पडताळाही इथे कामी येत नाही, कारण चुकीचं वस्तुमान ऊर्जा आणि त्रिज्या दोन्हींत सारखंच शिरतं.

मग कोणतं होल घ्यायचं? परीक्षेत दिलं असेल ते. खऱ्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये जड आणि हलक्या होलांचे बँड एकाच ऊर्जेवर टेकलेले असतात आणि एक्सिटॉन दोन्हींचं मिश्रण वापरतो. फक्त हलकं होल घेतलं तर ३.० मिलीईव्ही येतात, फक्त जड घेतलं तर ४.८. मोजलेली किंमत ४.२ च्या आसपास आहे. त्यामुळे आपल्या ४.८ पुढे तीन-चार दशांश स्थळं लिहू नयेत. मॉडेलची तेवढी ऐपत नाही.

सगळ्यात जास्त वाद मात्र ε वर होतो. कोष्टकात गॅलियम आर्सेनाइडसमोर दोन आकडे सापडतात: स्थिर १२.९ आणि उच्च वारंवारतेचा १०.९. दुसरा घातला तर ६.८ मिलीईव्ही. फरक कुठून आला? क्षेत्राला प्रतिसाद देताना स्फटिकातले इलेक्ट्रॉन लगेच सरकतात, पण आयन जड असल्याने वेळ घेतात. एक्सिटॉनची जोडी सावकाश फिरत असेल तर आयनांना जुळवून घ्यायला सवड मिळते आणि स्थिर ε लागू होतो. जोडी भरभर फिरत असेल तर आयन मागे राहतात. सावकाश की भरभर हे ठरवायची मोजपट्टी म्हणजे आयनांच्या कंपनाची, लाँगिट्यूडिनल ऑप्टिकल फोनॉनची, ऊर्जा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ती ३६ मिलीईव्ही आहे. ४.८ त्यापुढे किरकोळ, म्हणून १२.९ बरोबर. शिवाय ११.५ नॅनोमीटरची त्रिज्या म्हणजे ०.५६५ नॅनोमीटरच्या वीस एक जाळी-एकक; एवढ्या पसाऱ्यात स्फटिकाला एकसंध माध्यम मानणं रास्त आहे.

हीच रीत झिंक ऑक्साइडला लावा, आणि बघा कशी अडखळते. इलेक्ट्रॉन ०.२८, होल ०.५९ धरलं तर μ ०.१९. स्थिर ε साधारण ८.५, त्याने ३६ मिलीईव्ही येतात. उच्च वारंवारतेचा ३.७, त्याने १८९. प्रयोगात मिळतात ६०. पाच पटींचा फरक असलेल्या दोन उत्तरांमध्ये खरं उत्तर कुठेतरी मध्ये लटकलंय. एका मुलीने याची सरासरी काढून ११२ लिहिलं होतं. प्रयत्न प्रामाणिक, पण त्यामागे काही भौतिकशास्त्र नाही. इथे फोनॉनची ऊर्जा सुमारे ७२ मिलीईव्ही, म्हणजे बंधन ऊर्जेच्या बरोबरीचीच. आयन पूर्ण मागे राहत नाहीत आणि पूर्ण सोबतही येत नाहीत. ६० वरून उलटं गणित केलं तर ε ६.६ निघतो, पण तो आपण उत्तरावरून बसवलेला आकडा आहे, आधी काढलेला नाही. अशा पदार्थात दोन्ही टोकांची उत्तरं लिहावीत आणि खरं उत्तर त्यांच्या दरम्यान असेल असं म्हणून थांबावं. नेमकी किंमत हवी तर आयनांची हालचाल धरणारं मॉडेल लागतं. हायड्रोजनच्या सूत्रात ती बसत नाही.

राहिली प्रयोगाशी ताडून बघतानाची चूक. तिथे बँड गॅपमधून एक्सिटॉनच्या रेषेची ऊर्जा वजा केली की बंधन ऊर्जा मिळते. एका वहीत बंधन ऊर्जा चक्क उणे ९५ मिलीईव्ही आली होती. एक्सिटॉनची रेषा १.५१५ इलेक्ट्रॉनव्होल्टला, ती द्रव हेलियमच्या थंडाव्यात मोजलेली; बँड गॅप घेतला १.४२, तो खोलीच्या तापमानाचा. थंडीत गॅप १.५१९ असतो. एकाच तापमानाचे आकडे घेतले की वजाबाकी सुमारे ४ येते. पण दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत तिसऱ्या दशांशावरची चूकही सगळं उत्तर खाऊन टाकते. नमुना चांगला असेल आणि n = 2 ची रेषा दिसत असेल तर गॅपच्या भानगडीत पडूच नका. पहिल्या आणि दुसऱ्या रेषेतलं अंतर बंधन ऊर्जेच्या तीन चतुर्थांश असतं. ४.२ साठी ते ३.१५ मिलीईव्ही, आणि तेवढं अंतर एकाच स्पेक्ट्रमवर, एकाच तापमानाला मोजता येतं.