दहावीचे शेवटचे चार आठवडे: सोमवार ते शनिवार भरा, रविवार रिकामा ठेवा

पूर्वपरीक्षा झाली की बहुतेक मुलं पहाटे पाच ते रात्री अकरा असं रंगीत वेळापत्रक करून भिंतीला लावतात आणि चौथ्या दिवशी ते मोडतं. मोडण्याचं कारण आळस असेलच असं नाही. सोमवारचा राहिलेला धडा मंगळवारी जातो, मंगळवारचा बुधवारी, आणि गुरुवारपर्यंत कागद आणि अभ्यास यांचा मेळच राहत नाही. मग नवं वेळापत्रक होतं आणि ते पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होतं. अशाने ‘गुरुत्वाकर्षण’ चार वेळा वाचून होतं आणि विज्ञान भाग 1 मधला शेवटचा ‘अवकाश मोहिमा’ कोराच राहतो. म्हणून सांगायची गोष्ट एकच: आठवड्याचे सहाच दिवस भरा आणि राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी न ढकलता रविवारच्या खान्यात लिहा.

त्यासाठी आधी एक साधी वही, पेन्सिल आणि पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका जवळ घ्या. पेन्सिलच हवी, कारण पहिल्या आठवड्यात खाडाखोड होणारच. पहिले दोन दिवस वेळापत्रक करूच नका, फक्त मोजा. 50 मिनिटं अभ्यास आणि 10 मिनिटं विश्रांती ही एक बैठक. बैठक पुरी झाली की वहीत एक रेघ मारायची. मध्येच उठून मोबाइल पाहिला तर रेघ नाही. ‘दिवसभर अभ्यास करतो’ म्हणणाऱ्याच्या वहीत संध्याकाळी पाच-सहा रेघा दिसल्या तर घाबरू नका. तो आकडा खरा आहे आणि वेळापत्रक त्यावरच उभं करायचं. दोन दिवसांत वेगवेगळ्या रेघा आल्या तर कमी असलेला आकडा धरा.

समजा तो आकडा पाच आला आणि परीक्षेला 28 दिवस आहेत. चार रविवार वगळले की 24 दिवस उरतात, म्हणजे 120 बैठका. पेपरांच्या मधल्या सुट्ट्या यात धरू नका, त्या दिवशी नवा धडा डोक्यात शिरत नाही.

आता कामाची यादी. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती ‘वाचायला लागणारा वेळ’ धरण्याची. भिंगांचा धडा घ्या. वाचायला अर्धा तास पुरतो. पण बहिर्गोल भिंगासमोर वस्तूच्या सहा जागा आहेत आणि प्रत्येकीची किरणाकृती पट्टीने काढायची आहे. त्यातच एक बैठक जाते. दुसरी बैठक उदाहरणांना. वस्तू 30 सेंमीवर आणि नाभीय अंतर 20 सेंमी असेल तर u = −30 घ्यायचा, मग 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे v = 60 सेंमी. उणे चिन्ह विसरलं की उत्तर 12 सेंमी येतं. हे चुकलंय हे आकृती काढलेल्यालाच लगेच कळतं, कारण वस्तू F आणि 2F यांच्यामध्ये असताना प्रतिमा 2F च्या पलीकडे, म्हणजे 40 सेंमीच्या पुढेच पडायला हवी. हा ताळा नुसत्या वाचनाने हाताशी येत नाही. म्हणून विज्ञानाच्या धड्याला दोन बैठका धरा, गणिताच्या प्रकरणाला तीन.

विज्ञानाचे दोन्ही भाग मिळून 20 धडे, म्हणजे 40 बैठका. बीजगणिताची 6 आणि भूमितीची 7 प्रकरणं, त्यांच्या 39. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मिळून 22, तीन भाषांना आठ-आठ म्हणजे 24. गणित आणि विज्ञानाचे मिळून चार सराव पेपर: दोन तास लिहायला आणि तिसरी बैठक चुका तपासायला, म्हणजे आणखी 12. सगळं मिळून 137 झालं आणि हातात आहेत 120. बहुतेक मुलं इथेच घाईने ‘मग रोज सहा बैठका करीन’ असं लिहून मोकळी होतात. तसं करू नका, कारण पाच हा आकडा तुम्ही मोजलेला आहे आणि सहा हा मनातला आहे.

सतरा बैठका कापायच्या त्या उत्तरपत्रिका समोर ठेवून. ज्या धड्यावरच्या प्रश्नांत गुण गेले नाहीत, त्याला विज्ञानात दोनऐवजी एक आणि गणितात तीनऐवजी दोन बैठका द्या. असे विज्ञानाचे नऊ धडे आणि गणिताची पाच प्रकरणं निघाली तर चौदा बैठका सुटल्या. उरलेल्या तीन इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोलातून काढा. पाठ असलेला धडा पुन्हा वाचताना बरं वाटतं, म्हणून तो कापताना हात अडखळतो. पण वेळ तिथूनच मिळतो. सराव पेपर मात्र कापू नका. आणि ते सकाळी 11 वाजता लिहायला बसा, कारण बोर्डाचं सकाळचं सत्र त्याच वेळी सुरू होतं आणि त्या वेळी डोकं चालायची सवय लागते.

वहीचं एक पान म्हणजे एक आठवडा. रोजच्या खान्यात पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीत नुसतं ‘विज्ञान’ न लिहिता ‘भिंगे, सहा किरणाकृती’ असं नेमकं काम. एका दिवसात एकाच विषयाच्या दोनपेक्षा जास्त बैठका नकोत. रविवारचा खाना कोरा. मंगळवारी पाहुणे आले आणि दोन बैठका बुडाल्या तर त्या दोन ओळी रविवारी उतरवा, आणि बुधवारी बुधवारचंच काम करा. हे पाळणं कठीण जातं, कारण मागचं सोडून पुढे जाताना चुटपुट लागते. पण बुधवार जागेवर राहिला तरच पुढचा आठवडा जागेवर राहतो. एकच अपवाद आहे: राहिलेल्यावर पुढचं अवलंबून असेल, जसं समरूपतेशिवाय पायथागोरसची सिद्धता, तर त्या दोन कामांची अदलाबदल करा.

रविवारी जास्तीत जास्त चार बैठका, त्याही दुपारपर्यंत. खान्यात काहीच नसेल तर सोमवारचं काम ओढून आणू नका, खेळायला जा किंवा झोपा. चारपेक्षा जास्त ओळी साचल्या असतील तर आकडा चुकलाय असं समजा. पुढच्या आठवड्यापासून रोज चारच बैठका धरा आणि उत्तरपत्रिका घेऊन पुन्हा एकदा कापायला बसा. पालकांनाही हे पान दाखवून ठेवा, म्हणजे रविवार संध्याकाळचा रिकामा खाना पाहून कोणी त्यात जादा क्लास बसवणार नाही.

शेवटच्या रविवारी चार बैठकांतही न मावणारे धडे उरले, तर प्रत्येकाच्या फक्त व्याख्या, सूत्रं आणि आकृत्या एका पाठकोऱ्या कागदावर उतरवा आणि तो कागद त्या-त्या विषयाच्या पुस्तकात घालून ठेवा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्या धड्याचा तेवढाच कागद उघडायचा.