संत्र्याची कलमे घेताना आधी खुंट पाहा

मृगाचा पाऊस लागला की वरुड, शेंदुरजनाघाट भागात संत्र्याच्या पन्हेरीची उचल सुरू होते. घाई असते, त्यामुळे बहुतेक जण भाव विचारतात, पाला हिरवागार दिसला की जुड्या गाडीत टाकतात आणि निघतात. पण बाग पुढे किती वर्षे टिकेल, ते पाल्यावर ठरत नाही. ते डोळ्याच्या खालच्या वीतभर भागावर, म्हणजे खुंटावर ठरते.

आपल्याकडे खुंट मुख्यतः दोन, जंबेरी आणि रंगपूर लाईम. जंबेरीवरचे कलम जोमाने वाढते, लवकर विक्रीला येते, म्हणून पन्हेरीवाल्यांना ते आवडते. हलक्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत ते चांगले चालतेही. मात्र पायकूज आणि डिंक्याला जंबेरी लवकर बळी पडते. भारी काळ्या जमिनीत, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबते आणि चुनखडीचे प्रमाणही जास्त असते, तिथे रंगपूर लाईम घ्यावे. त्यालाही डिंक्या होतो, पण ते जंबेरीपेक्षा जास्त तग धरते आणि चुनखडीही बरीच सोसते. भारी जमिनीत जंबेरी स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

अडचण ही की विक्रीला आलेल्या कलमात खुंट कोणता, हे नुसत्या खोडावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कागद लागतो. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे. परवाना पाहायला मागा आणि त्याबरोबर नोंदवहीही मागा. खुंटाचे बी कुठले, डोळे कोणत्या मातृवृक्षाचे आणि डोळा कधी बांधला, या तीन गोष्टी तिथे सापडल्या पाहिजेत. पावतीवर ‘संत्रा कलमे’ एवढेच लिहून घेऊ नका. ‘नागपूर संत्रा, रंगपूर लाईम खुंटावर’ असे वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये, एवढा सरळ हिशोब.

लेबल ढिगाला एकच असेल तर जुड्या उचलताना सरमिसळ होते. प्रत्येक जुडीला चिठ्ठी हवी. शिवाय डोळ्याचा जोड नीट दिसला पाहिजे, साधारण 22 ते 25 सेंमी उंचीवर. काही वेळा डोळा मरतो आणि त्याखालून खुंटाचाच फुटवा जोरात वर येतो. अशी काडी जुडीत गेली तर संत्र्याऐवजी जंबेरीच वाढते आणि ते फळ धरल्यावरच कळते. म्हणून वरची फांदी जोडातूनच निघाली आहे ना, हे एकेका कलमाचे पाहा. जोड जमिनीलगत असेल तर ते कलम बाजूला काढा, कारण लावल्यावर तो मातीत जाईल आणि डिंक्याला वाट मिळेल.

नंतर कोणत्याही जुडीतले एक कलम घेऊन मुळे पाण्यात धुवा. बारीक तंतुमुळे पांढरी-पिवळसर आणि घट्ट असावीत. बोटांत धरून ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरला, तर मूळकूज पन्हेरीतच लागलेली आहे. अशी दोन-तीन कलमे निघाली तर त्या वाफ्यातली बाकीचीही नकोत.

आता ‘आमची पंच्याण्णव टक्के जगतात’ या दाव्याबद्दल. कधी मोजली, हे विचारा. गेल्या वर्षी एका बागेत मी मोजणी केली. लावलेली कलमे 200. दिवाळीला जिवंत होती 188, म्हणजे 94 टक्के. पुढच्या पावसाळ्यानंतर जुनी उरली 150, म्हणजे 75 टक्के. मधल्या काळात मालकाने 30 नांग्या भरल्या होत्या, त्यामुळे बाग पाहणाऱ्याला 180 झाडे दिसत होती आणि पन्हेरीवाला तोच आकडा सांगत होता. मूळकूज बहुधा दुसऱ्या पावसाळ्यात दिसते, म्हणून मोजणी त्यानंतरची धरा आणि नांग्या वजा करा. पन्हेरीवाल्याकडून दोन वर्षांपूर्वी कलमे नेलेल्या तीन गिऱ्हाइकांची गावे मागून घ्या. त्यांपैकी एकाची जमीन तरी आपल्यासारखी असावी. मालकाच्या हलगर्जीपणानेही झाडे मरतात, तेव्हा मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी डिंक होता का, हे विचारायला विसरू नका.

6 बाय 6 मीटर अंतरावर एकरी साधारण 112 कलमे बसतात. 120 घ्या, उरलेली 8 नांग्यांसाठी सावलीत पिशवीत जपा. पुढच्या वर्षी दुसऱ्या पन्हेरीतून आणलेली पाच-सात कलमे बागेत मिसळली की कोणते झाड कशावर आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. लावताना ओळवार कागद करून ठेवा: ओळ, पन्हेरी, खुंट, तारीख. जोड मात्र मातीच्या वर राहू द्या, पावसाने गाळ चढला तरी.