सायफन नळ्या: वरच्या सरीला पूर, टोकाला तहान

सोलापूरकडे उजनीच्या पाण्यावरच्या उसाला सिमेंटच्या चारीतून काठावरून पाणी सरीत ओढणाऱ्या आठ सायफन नळ्या लावल्या होत्या. सगळ्या आतून ५० मिमी, तरी वरची सरी भरून वाहायची आणि टोकाची अर्ध्यावर वाळायची. दोष नळीत नव्हता. चारीतल्या पाण्याची पातळी आणि नळीचं सरीकडचं तोंड यांतलं उभं अंतर वर २० सेंमी होतं, टोकाला जेमतेम ५. तोंड सरीच्या पाण्यात बुडालं असेल, तर अंतर त्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचं. इथेच बरेच जण फसतात.

प्रवाह अंतराच्या वर्गमुळाने वाढतो. अंतर चौपट, तर पाणी फक्त दुप्पट. १५ लिटरची बादली वर साडेसहा सेकंदांत भरली, टोकाला तेरा. नळीचा व्यास दुप्पट केला, तर मात्र पाणी जवळपास चौपट. म्हणून टोकाला मोठी नळी लावायचा मोह होतो, पण त्याने तिथली पातळी आणखी उतरते.

शेवटच्या नळीखाली चारीत फळी बसवली, कडेला गोणपाट दाबलं. पाणी तुंबून पातळी सपाट झाली, सगळीकडे अंतर १२ सेंमीच्या आसपास आलं आणि प्रत्येक बादली सव्वाआठ सेकंदांत भरू लागली, म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ लिटर. आठ नळ्यांना साडेचौदा लिटर लागतं. आवक त्याहून कमी झाली, तर पातळी उतरते, नळी गुडगुडते, हवा ओढते आणि बंद पडते. अशा वेळी एक नळी काढावी, फळी उंचावू नये. आवक पुन्हा वाढली की काठावरून पाणी उलटेल.