पुढे वडीलधारे, मागे मित्र: बेस्ट मॅनच्या टोस्टमध्ये या चुका टाळा

पुण्यातील विवाहसमारंभांत निवेदन करताना माईक दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला उभे राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते, आणि त्यांत मला सर्वाधिक काळजी वाटते ती नवरदेवाच्या जिवलग मित्राच्या चार शब्दांची. कॅम्पातील किंवा गुरुवार पेठेतील ख्रिस्ती कुटुंबांत बेस्ट मॅन आणि टोस्ट ही जुनी, रुळलेली रीत आहे. टोस्ट होणार हे तेथे आजीलाही ठाऊक असते. आता डी. पी. रस्त्यावरील लॉनवर होणाऱ्या स्वागतसमारंभांत आणि संगीताच्या संध्याकाळीही मित्राने बोलण्याची पद्धत आली आहे. तेथे पुढच्या दोन ओळींत आजोबा, आत्या, मामा आणि नवे व्याही बसलेले असतात, मागे कॉलेजचा कंपू उभा असतो, आणि बोलणाऱ्याला प्रश्न पडतो की हसवावे की हळवे व्हावे.

पहिली चूक: अर्धे भाषण मित्रांसाठी, अर्धे वडीलधाऱ्यांसाठी

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि ती करणारा माणूस बहुधा विचारी असतो. तो दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा म्हणून आधी तीन मिनिटे कॉलेजचे किस्से सांगतो, मग थांबतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “पण गंमत बाजूला ठेवली तर…” त्या एका वाक्याने दोन्ही अर्धे पडतात. पहिली तीन मिनिटे आपल्यासाठी नव्हतीच हे वडीलधाऱ्यांना कळते आणि आता आपल्यासाठी काही उरलेले नाही हे मित्रांना कळते. शिवाय ज्या मुलाची आताच टर उडवली, तोच अचानक “लाखात एक” कसा झाला, हे कोणालाच पटत नाही.

आपल्या भाषणात हा दोष आहे का, हे ओळखणे सोपे आहे. लिहिलेल्या कागदाचा खालचा अर्धा भाग झाकावा आणि वरचा वाचावा. जर वरचा भाग स्वतंत्रपणे पूर्ण वाटला, खालच्याची वाट पाहावीशी वाटली नाही, तर ती दोन भाषणे आहेत. उपाय म्हणजे प्रमाण बदलणे नव्हे. हसू आणि ओलावा एकाच प्रसंगातून निघेल असा प्रसंग शोधणे हा आहे. हे कसे जमते ते एका उदाहरणावरूनच सांगते.

एका तरुणाने समारंभाच्या दहा दिवस आधी मला त्याचा मसुदा वाचायला दिला. त्यातील मुख्य किस्सा असा होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला नवरदेवाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उडाला. निकाल ऑनलाइन लागला त्या संध्याकाळी हे दोघे झेड ब्रिजवर रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. घरी गेल्यावर नवरदेवाने वडिलांना सांगितले की विद्यापीठाचा सर्व्हर बंद आहे, निकाल दिसत नाही. पुढचे तीन दिवस त्याने हेच सांगितले. मसुद्याचा शेवट असा होता: “वहिनी, हा सर्व्हर डाऊन आहे म्हणाला की समजून जा.”

मित्र यावर नक्की हसले असते. परंतु पहिल्या ओळीत बसलेल्या मुलीच्या वडिलांना त्यातून काय ऐकू आले असते? आपला जावई नापास झाला होता आणि तो घरच्यांशी तीन दिवस खोटे बोलला. मुलाच्या वडिलांना आपण फसवले गेलो हे दोनशे माणसांसमोर पुन्हा ऐकावे लागले असते. हसण्याचा आनंद मागच्या ओळींना मिळाला असता आणि त्याची किंमत पुढच्या ओळीने मोजली असती.

मी त्याला किस्सा टाकून द्यायला सांगितले नाही, कारण किस्सा चांगला होता. फक्त तो एकाच बाजूने पाहिलेला होता. मी त्याला विचारले, “त्या तीन दिवसांत घरात काय चालले होते, हे तुला माहीत आहे का?” त्याला माहीत नव्हते. त्याने नवरदेवाच्या बहिणीला फोन केला आणि तिने जे सांगितले त्याने सगळे भाषणच बदलले. वडिलांनी पहिल्याच रात्री निकाल पाहिला होता. त्याची छापील प्रत त्यांच्या टेबलाच्या खणात होती. तरीही ते रोज सकाळी चहा घेताना गंभीर चेहऱ्याने मुलाला विचारत, “काय, आज तरी सुरू झाला का सर्व्हर?” चौथ्या दिवशी त्यांनी परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मुलाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि इतकेच म्हणाले, “फॉर्मची शेवटची तारीख बघून घे.” त्याखेरीज त्या घरात त्या पेपराचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तोच प्रसंग वडिलांच्या बाजूने सांगायचा होता. सर्व्हरचा खोटारडेपणा तसाच राहिला, पण हसू आता खणातल्या कागदाचे होते, आणि त्यावर सर्वांत मोठ्याने हसले ते पुढच्या ओळीतले काका-मामा, कारण असा बाप त्यांच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला होता. “पण गंमत बाजूला” असे म्हणण्याची गरजच पडली नाही. चहाच्या कपाशेजारचे पैसे आले आणि लॉन आपोआप शांत झाले. त्यानंतर त्याने वहिनींकडे वळून एकच वाक्य म्हटले: “चूक झालेल्या माणसाला न बोलता कसे सावरायचे, हे ज्या घरात हा शिकला त्या घरात तुम्ही आला आहात.” मुलीच्या वडिलांना आपल्या मुलीचे नवे घर कसे आहे हे त्यातून कळले, आणि त्या संध्याकाळी त्यांना याहून अधिक काही जाणून घ्यायचे नसावे असे मला वाटते.

एक गोष्ट येथे विसरू नये. हे बोलण्यापूर्वी मित्राने आधी नवरदेवाची आणि मग वडिलांची परवानगी घेतली. वडील फोनवर म्हणाले, “सांग की, पण मार्क सांगू नकोस.” त्याने मार्क सांगितले नाहीत. आयत्या वेळी धक्का देण्याच्या मोहात परवानगी टाळणारे अनेक जण मी पाहिले आहेत. धक्का श्रोत्यांना द्यावा. ज्याच्याबद्दल बोलतो त्याला देऊ नये.

दुसरी चूक: “अश्लील नाही ना, मग चालेल”

विनोद निवडताना बहुतेक जण एवढीच चाळणी लावतात, आणि ती अपुरी आहे. “आता याचे स्वातंत्र्य संपले” या वाक्यात अश्लील काहीच नाही, पण मुलीच्या आईला ते आपल्या मुलीला बेडी म्हटल्यासारखे लागते. किती स्थळे पाहिली, कांदेपोह्यांचे किती कार्यक्रम झाले, हा विषयही वरवर निरुपद्रवी दिसतो. नाकारल्या गेलेल्या मुलींचे नातेवाईक त्याच लॉनवर असू शकतात, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जुने प्रेम, दारू, पगार आणि परदेशी जाण्याचे हुकलेले बेत या गोष्टींना तर हातही लावू नये. मी दोनच प्रश्न विचारते: हे समजायला आजीला आधीची माहिती लागेल का, आणि या हसण्याची किंमत नवरदेवाखेरीज आणखी कोणी मोजणार आहे का? दोन्हींचे उत्तर “नाही” असेल तरच विनोद ठेवावा.

वडीलधाऱ्यांसमोर थट्टा करणे आपल्याला परके नाही. कानपिळीच्या विधीत वधूचा भाऊ सर्वांच्या देखत नवरदेवाचा कान पिळतो, सगळे हसतात आणि नवरदेव त्याला भेट देतो. कान पिळला जातो तो नवरदेवाचाच, तोही क्षणभर, आणि त्याचा शेवट नाते जुळण्यात होतो. मित्राच्या विनोदालाही हेच माप लावावे. म्हणूनच वडीलधारे आहेत म्हणून केवळ हळवे बोलायचे, हा समजही मी चूकच मानते. त्यांना ओळखीच्या गोष्टीवर हसायला आवडते. डोळे पुसताना मी मागच्या ओळीतले मित्रच अधिक पाहिले आहेत.

दिवंगत आजोबांचा किंवा आईचा उल्लेख करायचा असेल तर घरच्यांना विचारून, एकाच वाक्यात आणि भाषणाच्या मध्यावर करावा. शेवटी केला तर पेला उंचावणे अवघड होते, आणि लगेच पुढे विनोद ठेवला तर तो कोणालाच सोसत नाही.

बोलताना काही बिघडले तर

पहिला विनोद पडला, तर तो समजावून सांगू नये आणि दुसऱ्यांदा म्हणू नये. सरळ पुढच्या वाक्यावर जावे. गळा दाटून आला, तर विशेषणे सोडून प्रसंगातील एखाद्या वस्तूचे वाक्य उचलावे. “टेबलावर चहाचा कप होता” हे वाक्य भरल्या गळ्यानेही म्हणता येते, “तो माझ्यासाठी भावापेक्षा जास्त आहे” हे म्हणता येत नाही. हाताने लिहिलेली दोन पाने, म्हणजे साधारण चार मिनिटे, पुरेशी होतात.

आहेर आणि छायाचित्रांसाठी व्यासपीठापुढे रांग लागली की कोणीही ऐकत नाही, म्हणून रांग सुरू होण्यापूर्वीची वेळ यजमानांकडून मागून घ्यावी. उशीरही करू नये, कारण मोकळ्या लॉनवर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि घाईघाईने म्हटलेले हळवे वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मंगल कार्यालयात हातात पन्ह्याचा किंवा कोकम सरबताचा पेला असेल तर “चिअर्स” म्हणण्याचा आग्रह धरू नये. मित्रांना पेले उंचावायला सांगावे आणि वडीलधाऱ्यांना बसल्या जागेवरून आशीर्वाद द्यावा अशी विनंती करावी. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना उभे राहायला लावू नये.

सर्वांत अवघड प्रसंग मागून आरोळी येण्याचा असतो. “गोवा सांग, गोवा!” असे एक जण ओरडतो, चार जण हसतात आणि पुढच्या ओळीतल्या माना मागे वळतात. अशा वेळी “ते इथे सांगण्यासारखे नाही” हे उत्तर सर्वांत घातक ठरते, कारण त्यानंतर मुलीच्या आईच्या मनात गोव्याखेरीज दुसरे काही राहत नाही. ज्याच्याविषयी ही भीती वाटते त्या मित्राला आदल्या दिवशीच गाठावे आणि पेले वाटण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. सर्व्हरच्या किश्श्याच्या वेळी आम्ही हेच केले होते. चहाच्या कपाचे वाक्य आले तेव्हा तो मित्र मुलीच्या आजोबांच्या शेजारी सरबताचा ट्रे धरून उभा होता, आणि आजोबांनी त्याला हात धरून खाली बसवून घेतले.