रडारच्या प्रतिध्वनीचा विलंब मोजताना: क्रॉस-कोरिलेशन, एफएफटी आणि चर्प

रडारच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी सर्वप्रथम एकच उदाहरण पूर्णपणे सोडवायला देतो, कारण या विषयातील बहुतेक गोष्टी त्यात येऊन जातात. रडार १० मायक्रोसेकंदांची पल्स पाठवते आणि त्यानंतर येणारा सिग्नल दर सेकंदाला २ कोटी कॉम्प्लेक्स सॅम्पल या वेगाने नोंदवला जातो. म्हणजे एक सॅम्पल ५० नॅनोसेकंदांचे झाले. लहर जाऊन परत येत असल्यामुळे अंतराच्या हिशेबात ते ७.५ मीटर भरते. ६००० मीटरवर एखादे लक्ष्य असेल, तर प्रतिध्वनी ४० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ८०० व्या सॅम्पलपासून सुरू होतो आणि पल्स २०० सॅम्पलांची असल्याने तो १००० व्या सॅम्पलपर्यंत पसरतो. नॉइजचे आरएमएस मूल्य १ आणि प्रतिध्वनीची उंची ०.५ धरली, तर कच्च्या नोंदीचा आलेख कितीही न्याहाळला तरी प्रतिध्वनी कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही.

पाठवलेल्या सिग्नलची प्रत नोंदीवर एकेक सॅम्पलने पुढे सरकवायची, प्रत्येक जागी नोंदीची सॅम्पले प्रतीच्या समोरच्या सॅम्पलांच्या कॉन्जुगेटने गुणून बेरीज घ्यायची, आणि ही बेरीज सर्वांत मोठी जेथे येईल तो विलंब मानायचा, हे क्रॉस-कोरिलेशन होय. योग्य जागी प्रतिध्वनीची २०० सॅम्पले एकाच दिशेने जमा होतात आणि बेरीज ०.५ × २०० = १०० होते. नॉइजची सॅम्पले मात्र परस्परांशी संबंध नसलेली असल्यामुळे त्यांची बेरीज २०० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १४, एवढीच वाढते. नोंदीत जो प्रतिध्वनी नॉइजच्या निम्म्या उंचीचा होता, तो आता नॉइजच्या सातपट उंच शिखर होऊन दिसतो.

२००० सॅम्पलांच्या नोंदीवर हे थेट करायचे तर सुमारे ४ लाख गुणाकार लागतात. त्याऐवजी दोन्ही सिग्नलांचे एफएफटी घ्यावे, संदर्भ प्रतीच्या एफएफटीचे कॉन्जुगेट घेऊन दोहोंचा गुणाकार करावा आणि उलटे एफएफटी घ्यावे. ४०९६ लांबीच्या एका एफएफटीला साधारण २५ हजार कॉम्प्लेक्स गुणाकार लागतात. संदर्भ प्रतीचे एफएफटी एकदाच काढून ठेवता येत असल्याने प्रत्येक नोंदीचे काम ५३ हजारांच्या आसपास आटोपते.

```python
import numpy as np
fs, B, T = 20e6, 10e6, 10e-6
t = np.arange(200)/fs - T/2
s = np.exp(1j*np.pi*(B/T)*t**2)
x = (np.random.randn(2000) + 1j*np.random.randn(2000))/np.sqrt(2)
x[800:1000] += 0.5*s
N = 4096
r = np.fft.ifft(np.fft.fft(x, N)*np.conj(np.fft.fft(s, N)))
d = np.argmax(np.abs(r[:2000]))
R = 3e8*d/(2*fs)
```

येथे N ची निवड सहज केलेली नाही. एफएफटी सिग्नलला वर्तुळाकार समजते, म्हणून नोंद आणि प्रत यांच्या लांबीच्या बेरजेतून एक वजा करून येणाऱ्या २१९९ पेक्षा N लहान असता कामा नये. पुढचा दोनाचा घात ४०९६ असल्याने तो घेतला आहे. N = २००० घेतले, तर शेवटच्या १९९ विलंबांच्या जागी प्रतीचे शेपूट नोंदीच्या आरंभाशी जुळवले जाते आणि अगदी जवळच्या जोरदार परावर्तनाचा काही भाग सर्वांत दूरच्या अंतरावर खोटे लक्ष्य म्हणून उमटतो. N वाढवून पाहावे. दूरचे शिखर नाहीसे झाले, तर ते लक्ष्य नव्हते.

दुसरी तपासणी कॉन्जुगेटची आहे. ते राहून गेले की कोरिलेशनऐवजी कन्व्होल्यूशन होते. चर्पच्या, म्हणजे वारंवारिता सतत बदलत जाणाऱ्या पल्सच्या, बाबतीत हे लगेच कळते, कारण शिखर विस्कटून पसरट होते. साधी आयताकृती पल्स मात्र उलटी केली तरी तशीच राहते, त्यामुळे शिखर उत्तम दिसते, परंतु १९९ सॅम्पलांनी पुढे सरकलेले असते. अंतर जवळजवळ १५०० मीटरने चुकते आणि आलेखात संशय घेण्याजोगे काहीही दिसत नाही. म्हणून प्रोग्रामची चाचणी नेहमी ज्ञात विलंबावर घ्यावी, आणि तीही चर्प वापरून.

आता मुख्य प्रश्न. वरच्या कोडमधील चर्प काढून तेथे तेवढ्याच उंचीची आणि लांबीची, स्थिर वारंवारितेची पल्स ठेवली, तरी शिखराची उंची १०० च राहते आणि नॉइजही १४ च राहतो. पांढऱ्या नॉइजमध्ये लक्ष्य सापडणे न सापडणे पल्सच्या ऊर्जेवर ठरते आणि ती दोहोंत सारखीच आहे. चर्पमुळे शिखर उंच होते, असे अनेकजण समजतात, पण चर्पमुळे बदलते ती शिखराची रुंदी.

साध्या पल्सची प्रत योग्य जागेपासून एका सॅम्पलने सरकली, तर २०० पैकी १९९ सॅम्पले अजूनही जुळलेलीच असतात आणि बेरीज १०० वरून ९९.५ वर येते. हा अर्ध्या एककाचा फरक नॉइजमध्ये बुडून जातो, त्यामुळे या त्रिकोणी शिखराचा माथा डावीउजवीकडे भटकतो. दोन लक्ष्ये ३० मीटर अंतरावर असतील, तर दोन त्रिकोण एकमेकांत मिसळून एकच दिसतो.

चर्पमध्ये वारंवारिता १० मायक्रोसेकंदांत १० मेगाहर्ट्झने, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला १ मेगाहर्ट्झने वाढत जाते. प्रत ०.१ मायक्रोसेकंदाने सरकली, की कोणत्याही क्षणी प्रतिध्वनी आणि प्रत यांच्या वारंवारितांत ०.१ मेगाहर्ट्झचा फरक पडतो आणि त्यांचा गुणाकार त्या फरकाच्या वारंवारितेने फिरू लागतो. १० मायक्रोसेकंदांत ०.१ मेगाहर्ट्झचे नेमके एक आवर्तन पूर्ण होते, आणि पूर्ण आवर्तनाची बेरीज शून्य असते. जवळजवळ सगळी सॅम्पले समोरासमोर असूनही ती एकमेकांना खोडून टाकतात. हा ०.१ मायक्रोसेकंद म्हणजे बँडविड्थचा व्यस्त होय, आणि अंतरात तो १५ मीटर होतो. साध्या पल्सला शून्यावर येण्यासाठी १५०० मीटर सरकावे लागत होते. वरच्या कोडमध्ये ८०४ व्या सॅम्पलपासून दुसरा प्रतिध्वनी मिळवून पाहावा. ३० मीटर अंतरावरची दोन शिखरे वेगवेगळी दिसतात.

एवढी तीक्ष्णता ०.१ मायक्रोसेकंदाच्या साध्या पल्सनेही मिळाली असती, परंतु तेवढी ऊर्जा तेवढ्या कमी वेळात कोंबण्यासाठी प्रक्षेपकाची शिखरशक्ती शंभरपट लागली असती, म्हणजे १ किलोवॅटच्या जागी १०० किलोवॅट. या अडचणीतूनच चर्प पुढे आला.

त्याची किंमत साइडलोबच्या, म्हणजे मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंच्या लहान शिखरांच्या, रूपाने मोजावी लागते. मुख्य शिखराशेजारचे पहिले साइडलोब फक्त १३ डेसिबलने खाली असतात, त्यामुळे मोठ्या जहाजालगतची लहान होडी त्यांच्यात झाकली जाते. संदर्भाच्या स्पेक्ट्रमवर, चर्पच्या १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरती, हॅमिंग विंडो लावली की साइडलोब बरेच खाली जातात, पण शिखर साधारण दीडपट रुंद होते आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे १.३ डेसिबलने घटते. दोन जवळजवळची सारखी लक्ष्ये वेगळी करायची असतील, तर मी विंडो लावत नाही. लहान लक्ष्य मोठ्याशेजारी शोधायचे असेल, तर लावतो.

लक्ष्य हलत असेल, तर डॉप्लरमुळे आणखी एक त्रुटी येते, कारण वारंवारितेतील बदल आणि विलंब चर्पला सारखेच भासतात. १० गिगाहर्ट्झच्या रडारकडे सेकंदाला ३० मीटर वेगाने येणाऱ्या मोटारीचा डॉप्लर २ किलोहर्ट्झ असतो आणि वरच्या चर्पमध्ये त्याने शिखर २ नॅनोसेकंदांनी, म्हणजे ०.३ मीटरने सरकते. ते सोडून देता येते. सेकंदाला ६०० मीटर वेगाच्या विमानासाठी मात्र हे सरकणे ६ मीटर होते. तेव्हा एक चढता आणि एक उतरता चर्प पाठवून दोन्ही उत्तरांची सरासरी घेतात, कारण दोहोंत त्रुटी विरुद्ध दिशेने येते.