‘कोसळेल’ हा शब्द काढला

आमच्या टेस्टिंग लीडने ३ महिन्यांसाठी २ कंत्राटी टेस्टर मागितले होते. त्या मागणीच्या मसुद्यात खर्च एका ओळीत, तोही जीएसटी न धरता. आणि ‘नकार दिलात तर रिलीज कोसळेल’ यावर अख्खा परिच्छेद. वाचणाऱ्याला ती धमकीच वाटली असती.

मी आधी खर्च पूर्ण मांडला: दरमहा प्रत्येकी ६०,००० म्हणजे ३,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,२४,८००. फायद्यात लिहिलं, रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं काही बिघडलं नाही ना याची फेरतपासणी, ९ऐवजी ६ दिवसांत होईल, पण पहिला महिना नव्यांना शिकवण्यात जाईल. धोक्यासाठी जुन्या नोंदी काढल्या. मागच्या ६ रिलीजपैकी २ टेस्टिंगमुळे आठवडाभर लांबले होते, तेवढंच लिहिलं. लीडला ते मवाळ वाटलं. मला नाही वाटत. ‘कोसळेल’ला नोंदींमध्ये आधारच नव्हता.