या चुका टाळा: आलेख अक्षाखाली उतरला की संकलन म्हणजे क्षेत्रफळ नव्हे

दादरमध्ये मी बारावीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवतो. निश्चित संकलन शिकवून झाले की एक उदाहरण मुद्दाम देतो: y = x² − 4x + 3 हा वक्र, X-अक्ष आणि x = 0, x = 4 या रेषा यांनी वेढलेल्या भागाचे क्षेत्रफळ काढा. बहुतेक वह्यांत उत्तर ४/३ चौरस एकक असे येते. संकलन अचूक असते, सीमाही बरोबर घातलेल्या असतात, आणि तरीही उत्तर चुकते. खरे क्षेत्रफळ ४ चौरस एकक, म्हणजे लिहिलेल्या उत्तराच्या नेमके तिप्पट आहे.

या उदाहरणाची गोम अशी की चुकीचे उत्तर धन येते. ते ऋण आले असते, तर क्षेत्रफळ ऋण कसे असेल, असे म्हणून विद्यार्थी निदान थबकला असता. येथे शंका यायला जागाच उरत नाही.

चूक कोठून येते, हे संकलनाच्या व्याख्येतच दिसते. आपण अंतरालाचे अरुंद पट्ट्यांत तुकडे करतो आणि प्रत्येक पट्टीसाठी f(x) व रुंदी यांचा गुणाकार घेऊन बेरीज करतो. रुंदी डावीकडून उजवीकडे मोजलेली असल्यामुळे धन असते. उंचीच्या जागी मात्र आपण उंची ठेवत नाही, तर f(x) ची किंमत ठेवतो. वक्र अक्षाखाली असेल तेथे ही किंमत ऋण असते, त्यामुळे त्या पट्टीचा गुणाकार बेरजेत मिळवला जाण्याऐवजी वजा होतो. पट्टीने कागदावर व्यापलेली जागा ऋण झालेली नसते. आपण हिशेबात तिला वजाबाकीच्या बाजूला टाकलेले असते.

आता हेच उदाहरण नीट सोडवू. x² − 4x + 3 = (x − 1)(x − 3), म्हणून वक्र अक्षाला १ आणि ३ येथे छेदतो, आणि या दोहोंच्या मध्ये, उदाहरणार्थ x = 2 येथे, फलाची किंमत −१ असते. प्रतिअवकलज F(x) = x³/3 − 2x² + 3x घेतल्यास

F(0) = 0, F(1) = 4/3, F(3) = 0, F(4) = 4/3

० ते १ या भागाचे संकलन ४/३, १ ते ३ या भागाचे −४/३ आणि ३ ते ४ या भागाचे पुन्हा ४/३ येते. चिन्हांसह बेरीज केली की ४/३ उरते, कारण मधल्या खोलगट भागाने पहिला भाग पूर्ण खाऊन टाकलेला असतो. क्षेत्रफळासाठी मात्र तिन्ही भाग धन घ्यायचे, म्हणजे ४/३ + ४/३ + ४/३ = ४. वरची सीमा ४ ऐवजी ३ ठेवली, तर संकलन चक्क शून्य येते आणि क्षेत्रफळ ८/३ असते. फळ्यावर आकृती डोळ्यांसमोर असूनही शून्य लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ही चूक कळल्यावर पुष्कळ जण दुसरी करतात: पूर्ण संकलन काढून शेवटी त्याला केवलमूल्याचे चिन्ह लावतात. |४/३| हे ४/३ च राहते, कारण वजाबाकी आधीच होऊन गेलेली असते. केवलमूल्य आत, फलालाच लावावे लागते:

∫₀⁴ |x² − 4x + 3| dx

प्रत्यक्षात याचा अर्थ इतकाच की आधी f(x) = 0 सोडवायचे, अंतरालाच्या आत पडणाऱ्या मुळांपाशी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचे केवलमूल्य वेगवेगळे घ्यायचे. अंतरालाबाहेरचे मूळ सोडून द्यावे. सीमा ० ते २ असतील तर फक्त १ पाशी तोडायचे, ३ चा संबंध नाही. वक्र अक्षाला नुसता स्पर्श करून परत वर जात असेल, तर तेथे तोडले तरी बिघडत नाही, न तोडले तरी चालते. बाहेरून केवलमूल्य लावणे एकाच परिस्थितीत खपते: संपूर्ण अंतरालात वक्र अक्षाच्या एकाच बाजूला असेल तेव्हा.

मात्र चिन्हासहित संकलन हे काही बिघडलेले क्षेत्रफळ नव्हे. ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी दर सेकंदाला किती पाणी आत शिरते याचा आलेख काढला आणि ओहोटीला बाहेर जाणारे पाणी ऋण धरले, तर एका भरती-ओहोटीच्या संकलनातून खाडीतला साठा किती वाढला वा घटला हे कळते. ते शून्याच्या आसपास आले, तर साठा जवळपास होता तेवढाच राहिला, हे उत्तर अगदी बरोबर आहे. तोंडातून दोन्ही दिशांना मिळून किती पाणी वाहिले, असे विचारले तर मात्र केवलमूल्याचे संकलन घ्यावे लागेल. म्हणून प्रश्नात ‘संकलनाची किंमत काढा’ असे असेल, तर तुकडे करून चिन्हे बदलणे हीच चूक ठरते. वरच्या उदाहरणात त्या प्रश्नाचे उत्तर ४/३ च आहे.